विक्रेते आधी की खरेदीदार? दुतर्फी बाजारपेठेचं विश्लेषण असाइनमेंटमध्ये कसं करायचं

स्ट्रॅटेजीच्या असाइनमेंटमध्ये ऑनलाइन बाजारपेठेची केस आली की उत्तरात एक वाक्य हमखास येतं: विक्रेते वाढले की खरेदीदार वाढतात, खरेदीदार वाढले की विक्रेते वाढतात, म्हणून या कंपनीला स्पर्धकांची भीती नाही. यातला पहिला भाग बऱ्याचदा खरा असतो. 'म्हणून' नंतरचा भाग मात्र त्यातून आपोआप निघत नाही, आणि मार्क जातात ते तिथेच. एका बाजूची गर्दी दुसरीला ओढते, म्हणजेच नेटवर्क इफेक्ट आहे, एवढं सांगून भागत नाही. तो कोणाकडून कोणाकडे जातो, किती संख्येपर्यंत टिकतो, कुठे उलटा फिरतो आणि स्पर्धकाला तो उभा करायला किती कष्ट पडतील, हे दाखवावं लागतं.

हे सगळं एकाच उदाहरणावर करून पाहू. समजा एक बाजारपेठ आहे, जिथे लोक वापरलेल्या कॅमेरा लेन्स विकतात आणि विकत घेतात. ही बाजारपेठ आणि तिचे आकडे मी समजावण्यासाठी तयार केले आहेत. लेन्स मुद्दाम निवडली, कारण तिच्यात दोन अडचणी स्पष्ट दिसतात. एक, लेन्स प्रत्येक कॅमेऱ्याला बसत नाही. तिचा माउंट, म्हणजे ती कॅमेऱ्याला जोडली जाते तो भाग, जुळावा लागतो. दोन, काचेच्या आत बुरशी आहे का, हे साध्या फोटोत कळत नाही. त्यासाठी लेन्सच्या एका टोकाकडून टॉर्च मारून दुसऱ्या टोकाकडून पाहावं लागतं.

पायरी १: ही बाजारपेठ खरंच दुतर्फी आहे का, ते तपासा

दोन प्रकारचे ग्राहक असले म्हणजे प्लॅटफॉर्म दुतर्फी झाला, असं नाही. कंपनी स्वतः लेन्स विकत घेऊन, तपासून, स्वतःच्या किमतीला विकत असेल तर ती व्यापारी आहे. विक्रेत्याला तिथे आपला पैसा मिळून जातो. पुढे किती खरेदीदार येतात याच्याशी त्याला देणंघेणं उरत नाही. प्लॅटफॉर्ममध्ये किंमत विक्रेता ठरवतो, माल पडून राहण्याची जोखीम त्याचीच असते, आणि म्हणूनच समोरच्या बाजूला किती माणसं आहेत याची त्याला पर्वा असते.

ज्याँ-शार्ल रोशे आणि ज्याँ तिरोल या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली यासाठी एक नेमकी कसोटी मांडली. (तिरोल यांना २०१४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात हा विषयही येतो.) कसोटी साधी आहे. समजा प्रत्येक सौद्यावर प्लॅटफॉर्म एकूण १० टक्के घेतो, ८ विक्रेत्याकडून आणि २ खरेदीदाराकडून. आता बेरीज १० च ठेवून वाटणी उलटी केली, म्हणजे विक्रेत्याकडून २ आणि खरेदीदाराकडून ८. यामुळे सौद्यांची संख्या बदलली तर बाजारपेठ दुतर्फी. बदलली नाही, तर नुसती बेरीज महत्त्वाची होती, वाटणी नव्हे.

इथे एक बारकावा आहे, आणि चांगल्या उत्तरात तो दिसतो. विक्रीनंतर लागणारं कमिशन विक्रेता बऱ्याच अंशी किमतीत मिसळू शकतो. तो भाव थोडा चढा लावतो आणि वाटणीचा परिणाम पुसट होतो. पण लेन्स लावतानाच शुल्क मागितलं तर ते विक्री होवो न होवो, भरावंच लागतं. ते किमतीत मिसळता येत नाही, कारण सौदा होईलच याची खात्री नसते. खरेदीदार कमी असतात तेव्हा तर हे शुल्क सर्वांत जास्त बोचतं. म्हणून 'शुल्क किती' याच्याआधी 'शुल्क कधी' हा प्रश्न विचारा. पुढे पायरी ५ मध्ये तो परत लागणार आहे.

पायरी २: चार बाण काढा आणि प्रत्येकाला चिन्ह द्या

कागदावर दोन वर्तुळं काढा, विक्रेते आणि खरेदीदार. एकमेकांकडे जाणारे दोन बाण आणि प्रत्येक वर्तुळातून निघून स्वतःकडेच परत येणारा एकेक, असे चार बाण होतात. प्रत्येकावर अधिक किंवा उणे लिहायचं आणि एका वाक्यात कारण द्यायचं.

लेन्सच्या बाबतीत विक्रेत्यांकडून खरेदीदारांकडे जाणारा बाण अधिक आहे: जितक्या जास्त लेन्स, तितकी हवी ती सापडण्याची शक्यता मोठी. खरेदीदारांकडून विक्रेत्यांकडे जाणाराही अधिक: लेन्स लवकर जाते, भावही बरा येतो. विक्रेत्याकडून विक्रेत्याकडे जाणारा बाण बहुधा उणे असतो, कारण तसलीच लेन्स दुसऱ्यानेही लावली की भाव पाडावा लागतो. चौथा बाण, खरेदीदारांकडून खरेदीदारांकडे, बहुतेक उत्तरांत गाळलेला असतो. नव्या मालात तो जवळपास शून्य असतो, पण वापरलेल्या लेन्सची प्रत एकच असते. एकाने घेतली की ती दुसऱ्याला मिळत नाही. त्यामुळे इथे तो उणे आहे. त्याच वेळी, आधीच्या खरेदीदारांनी विक्रेत्याबद्दल लिहिलेले अभिप्राय पुढच्याला उपयोगी पडतात, म्हणजे त्याच बाणाची एक बाजू अधिकही आहे. दोन्ही लिहा, एकच चिन्ह द्यायचा हट्ट नको.

मग प्रत्येक बाणासाठी विचारा: हा किती संख्येपर्यंत जोर धरतो? एखाद्याला हवी तशी एकही लेन्स नव्हती आणि तीन आल्या, तर त्याच्यासाठी चित्र पालटतं. चाळीस होत्या आणि त्रेचाळीस झाल्या, तर त्याला फरक कळतही नाही. विक्रेत्यांना मात्र त्या जादा तिघांचा त्रास होतोच. याचा अर्थ खरेदीदारांना होणारा फायदा कुठेतरी सपाट होतो, तर विक्रेत्यांमधली चुरस वाढतच राहते. सदस्यसंख्येचा वर्ग केला की नेटवर्कचं मूल्य मिळतं, हा मेटकाफ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम अशा बाजारपेठेला लावू नका. तो धरून चालतो की प्रत्येक जोडणीचं मूल्य सारखंच असतं. इथे बहुतेक जोडण्या निरुपयोगी आहेत, कारण एका माउंटची लेन्स दुसऱ्या माउंटच्या माणसाला नको असते.

पायरी ३: बेरीज सोडा, कप्पे मोजा

माझ्या मते सगळ्या विश्लेषणाचा कणा ही पायरी आहे. नेटवर्क इफेक्ट पूर्ण साइटवर पसरलेला नसतो. जिथे एखाद्या विक्रेत्याचा आणि एखाद्या खरेदीदाराचा सौदा होऊ शकतो, त्या कप्प्यात तो असतो. लेन्समध्ये कप्पा म्हणजे माउंट. घरपोच सेवांमध्ये तो एखादा परिसर आणि दिवसातली वेळ असेल, कामगार शोधण्याच्या साइटवर एखादं कौशल्य. आपल्या केसमध्ये कप्पा कशाने ठरतो, हे आधी एका वाक्यात लिहून टाका.

मोजायचं काय? दोन दर पुरेसे आहेत. विक्रेत्याचा दर म्हणजे लावलेल्या लेन्सपैकी ३० दिवसांत किती विकल्या गेल्या. खरेदीदाराचा दर म्हणजे झालेल्या शोधांपैकी किती शोधांचा शेवट खरेदीत झाला. सौदा किती सहज जुळतो हे या दोन दरांतून दिसतं. त्यालाच लिक्विडिटी म्हणतात.

आपल्या बाजारपेठेचा एका महिन्याचा हिशोब असा धरू:

| माउंट | नव्या लेन्स | शोध | विक्री | विक्रेत्याचा दर | खरेदीदाराचा दर |
|---|---|---|---|---|---|
| अ | ४०० | २,००० | २४० | ६०% | १२% |
| ब | १०० | १,५०० | ९० | ९०% | ६% |
| क | ५०० | ५०० | ५० | १०% | १०% |
| एकूण | १,००० | ४,००० | ३८० | ३८% | ९.५% |

फक्त शेवटची ओळ वाचली तर वाटतं, बाजारपेठ बेताची चालली आहे, दोन्ही बाजू थोड्या वाढवाव्यात. पण ३८ टक्के हा दर एकाही कप्प्यात नाही. ब मध्ये लेन्स आल्या की जवळपास सगळ्या जातात आणि तरी शंभरातले चौऱ्याण्णव शोध रिकाम्या हाताने संपतात. तिथे विक्रेत्यांची टंचाई आहे. क मध्ये उलट स्थिती आहे. दहा विक्रेत्यांपैकी नऊ महिनाभर वाट पाहत बसतात.

आता समजा व्यवस्थापनाने ठरवलं की विक्रेते वाढवण्यासाठी सर्वांना पहिल्या तीन विक्रींवर कमिशन माफ. ही सवलत ज्या माउंटच्या लेन्स लोकांकडे जास्त पडून आहेत तिथूनच जास्त प्रतिसाद आणेल, म्हणजे बहुधा क मधून. तिथला विक्रेत्याचा दर १० टक्क्यांवरून आणखी खाली जाईल आणि कंटाळलेले विक्रेते निघून जातील. पैसा खर्च होऊन बाजारपेठ आधीपेक्षा कमजोर होईल, आणि डॅशबोर्डवर मात्र 'एकूण लिस्टिंग' वाढलेलं दिसेल. एकूण लिस्टिंग वर जात असताना विक्रेत्याचा दर खाली येत असेल, तर वाढ चुकीच्या कप्प्यात होते आहे, हे ओळखायची ही सोपी खूण आहे.

केसमध्ये कप्पेवार आकडे दिलेले नसतील तर ते नाहीत असं लिहा, कोणते मागवाल ते सांगा, आणि अशी एक छोटी नमुना सारणी 'गृहीत' असा शिक्का मारून द्या. आकडे नसताना एकूण सरासरीवर निष्कर्ष रेटण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

आणखी एक सावधगिरी. अ मध्ये विक्रेतेही जास्त आणि खरेदीदारही जास्त, यावरून एकाने दुसऱ्याला खेचून आणलं असं सिद्ध होत नाही. तो कॅमेराच लोकप्रिय असेल तर दोन्ही बाजू आपापल्या पायांनी आलेल्या असतील. ओढ खरी आहे का, हे पाहायला असा प्रसंग शोधा जिथे एक बाजू अचानक बदलली आणि दुसरीला त्याचं दुसरं कारण नव्हतं. उदाहरणार्थ, ब मध्ये एका मोठ्या संग्राहकाने एकाच आठवड्यात साठ लेन्स लावल्या. त्यानंतरच्या दोन महिन्यांत ब मधले खरेदीदार परत येण्याचं प्रमाण वाढलं, आणि अ व क मध्ये ते तसंच राहिलं, तर खेच आहे असं म्हणायला आधार मिळतो. तिन्हीकडे सारखंच वाढलं असेल तर कारण जाहिरात किंवा हंगाम असणार.

पायरी ४: एका कप्प्याची किमान संख्या काढा

'क्रिटिकल मास गाठला पाहिजे' असं लिहून थांबू नका. तो आकडा काढता येतो, आणि काढून दाखवला की उत्तराचं वजन वाढतं.

सुरुवात दोन्ही बाजूंच्या सहनशक्तीपासून करा. समजा पाहणीतून कळलं की खरेदीदाराला हव्या त्या प्रकारच्या किमान तीन लेन्स दिसल्या तर तो पुन्हा येतो. आणि विक्रेता टिकतो, जर ३० दिवसांत लेन्स जाण्याची शक्यता किमान ४० टक्के असेल.

एका माउंटमध्ये फोकल लेंथनुसार, म्हणजे लेन्स किती जवळचं किंवा लांबचं दृश्य टिपते त्यानुसार, लोक साधारण आठ प्रकार शोधतात असं धरू. प्रत्येकात तीन पर्याय हवेत, म्हणजे कोणत्याही क्षणी २४ लेन्स साइटवर असायला हव्यात. ज्या ६० टक्के लेन्स जात नाहीत त्या पूर्ण ३० दिवस राहतात. ज्या ४० टक्के जातात त्या सरासरी १५ दिवसांत जातात असं मानू. सरासरी मुक्काम झाला ०.६ × ३० + ०.४ × १५ = २४ दिवस. २४ दिवस राहणाऱ्या २४ लेन्स सतत दिसायच्या असतील तर रोज एक नवी यायला हवी, म्हणजे महिन्याला ३०. त्यांच्या ४० टक्के म्हणजे १२ विक्री हव्यात. दहा शोधांमागे एक खरेदी होत असेल तर १२ विक्रींसाठी १२० शोध लागतील.

उत्तर: एका माउंटसाठी महिन्याला ३० नव्या लेन्स आणि १२० शोध. याच्या खाली गेलं की कोणतीतरी एक बाजू कंटाळून निघते आणि तिच्या मागून दुसरी. हिशोबात एक कच्चा दुवा आहे: आठही प्रकार सारख्याच प्रमाणात येतील असं मी धरलं. प्रत्यक्षात सर्वसाधारण फोकल लेंथच्या लेन्स ढिगाने येतात आणि दुर्मीळ प्रकार रिकामे राहतात. त्यामुळे खरा आकडा याहून मोठा निघेल. असाइनमेंटमध्ये ही मर्यादा तुम्हीच नोंदवा.

आता कोंबडी आधी की अंडं, हा प्रश्न हाताळण्याइतका लहान झाला आहे. लाखो लोक एकदम आणायचे नाहीत, एका माउंटसाठी रोज एक लेन्स आणायची आहे. ते काम काही संग्राहकांशी थेट बोलूनही होतं. खर्च त्या बाजूवर करायचा, जी आणायला अवघड आहे आणि जिच्या येण्याने दुसरी बाजू आपोआप हलते. ब मध्ये ती बाजू विक्रेत्यांची, क मध्ये खरेदीदारांची. एकाच कंपनीत दोन कप्प्यांना दोन उलट शिफारशी द्याव्या लागतील, आणि त्यात काही चूक नाही.

दुसरी बाजू नसतानाही पहिलीला उपयोगी पडेल असं काही देणं, हाही एक जुना मार्ग आहे. ओपनटेबल १९९८ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यांनी रेस्टॉरंटना टेबलांचं आरक्षण सांभाळणारी संगणक प्रणाली दिली. ऑनलाइन टेबल आरक्षित करणारे लोक फारसे नसतानाही ती कामाची होती. रेस्टॉरंट जमली, मग ग्राहकांना यायला कारण मिळालं. लेन्सच्या बाजारपेठेत विक्रेत्याला आपल्या संग्रहाची नोंद ठेवायला आणि अंदाजे भाव पाहायला साधन देता येईल. विकायची वेळ येईल तेव्हा लेन्सची सगळी माहिती तिथे आधीच भरलेली असेल.

पायरी ५: कोणाकडून, कधी आणि कशाबद्दल पैसे

नियम थोडक्यात असा: किमतीला जी बाजू जास्त बिचकते आणि जिच्या येण्याचा दुसऱ्या बाजूला जास्त फायदा होतो, तिला स्वस्त किंवा फुकट ठेवा, दुसरीकडून कमवा. हे फक्त सांगू नका, घडलेल्या घटनेवर तपासा. ई-बेचं जपान आणि चीनमधलं प्रकरण यासाठी फार बोलकं आहे.

जपानमध्ये याहू जपानने १९९९ मध्ये लिलाव सुरू केले, सुरुवातीला शुल्क न घेता. ई-बे २००० मध्ये उतरली, ती शुल्क घेऊन. २००२ मध्ये तिने तिथून काढता पाय घेतला. चीनमध्ये ई-बेने २००२ मध्ये ईचनेट या आघाडीच्या साइटमध्ये हिस्सा घेतला आणि २००३ मध्ये ती पूर्ण विकत घेतली. म्हणजे तिथे तर ती पुढे होती. त्याच २००३ मध्ये अलीबाबाने ताओबाओ आणली आणि विक्रेत्यांसाठी ती फुकट ठेवली. २००६ च्या अखेरीस ई-बेने चीनमधली आपली मुख्य साइट बंद करून स्थानिक भागीदाराकडे सूत्रं दिली.

यातून 'फुकट ठेवा, जिंकाल' असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. ताओबाओने शुल्क माफ करण्यासोबत आणखी दोन गोष्टी दिल्या होत्या. माल हातात पडेपर्यंत पैसे राखून ठेवणारी अलीपे, आणि सौद्याआधी विक्रेत्याशी बोलता येईल असा चॅट. फुकट असल्याने विक्रेता दोन्ही साइटवर माल लावून पाहू शकत होता. खरेदीदार तिथे थांबला तो या दोन सोयींमुळे. शिवाय आणखी एक धागा आहे. सौद्यावर कमिशन घेणाऱ्या साइटला, दोघं परस्पर बोलून बाहेर व्यवहार करतील, अशी भीती असते, त्यामुळे ती बोलणं अडवायला जाते. जी कमिशनच घेत नाही तिला बोलू द्यायला हरकत नसते. कमाईची पद्धत अशी उत्पादनाच्या रचनेपर्यंत पोचते, आणि दोन्हींचा हा संबंध दाखवणारं उत्तर वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं.

आपल्या लेन्सच्या बाजारपेठेसाठी यातून निघतं ते असं. लावण्याचं शुल्क शून्य, कारण पायरी १ मध्ये पाहिलं तसं क मधल्या दहापैकी नऊ विक्रेत्यांना तो निव्वळ दंड ठरेल. कमिशन विक्रीनंतर. आणि त्या कमिशनच्या बदल्यात असं काही, जे बाहेर मिळत नाही: पैसे राखून ठेवणं, आणि लेन्स पोचल्यावर काही दिवसांत बुरशी निघाली तर परतावा.

पायरी ६: वाढीमुळे काय बिघडेल

जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या गाड्यांचं उदाहरण घेऊन दाखवलं की दर्जा विक्रेत्याला माहीत असतो पण खरेदीदाराला नसतो, तेव्हा खरेदीदार सरासरी दर्जाचा भाव देतो. त्या भावाला चांगला माल विकणं परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि सरासरी आणखी खालावते. लेन्सला हे तंतोतंत लागू पडतं. आतून स्वच्छ असलेली आणि बुरशी धरलेली, दोन्ही लेन्स समोरून काढलेल्या फोटोत सारख्याच दिसतात.

सुरुवातीचे विक्रेते बहुधा हौशी जाणकार असतात, टॉर्च मारून काढलेला फोटो ते स्वतःहून लावतात. संख्या वाढते तसे कपाटात सापडलेली लेन्स विकणारे येतात. त्यांची लबाडी नसते, त्यांना बुरशी कशी दिसते हेच माहीत नसतं. हे घडतंय का, ते पाहायला परताव्याचं प्रमाण सरसकट काढू नका. विक्रेते कोणत्या महिन्यात सामील झाले त्यानुसार गट करा. नंतरच्या प्रत्येक गटात परतावे वाढत असतील, तर विक्रेत्यांकडून खरेदीदारांकडे जाणारा अधिकचा बाण हळूहळू उणे होतो आहे. उपाय म्हणून टॉर्चच्या फोटोशिवाय लेन्स लावताच येणार नाही असा नियम करता येईल. त्याने लिस्टिंग कमी होतील. ब कप्प्यात हे नुकसान जड आहे, क मध्ये ते फायद्याचंच.

पायरी ७: टिकाव आणि नेटवर्क इफेक्ट वेगळे तपासा

पायरी ४ च्या आकड्याकडे स्पर्धकाच्या नजरेने पाहा. महिन्याला ३० लेन्स आणि १२० शोध एवढ्यात एक माउंट उभा राहतो. आपल्याला सुरुवात जितकी सोपी, तितकीच त्यालाही सोपी. खरेदीदाराचा फायदा तीन पर्यायांनंतर सपाट होत असेल, तर अ मधल्या आपल्या चारशे लेन्स स्पर्धकाच्या साठ लेन्सपेक्षा फारशा सरस ठरत नाहीत. नेटवर्क इफेक्ट खरा असूनही तटबंदी कमजोर, ही शक्यता लिहायला घाबरू नका.

मग तटबंदी कशाने होते? पहिला प्रश्न: दोन्ही बाजूंना एकाच वेळी दोन साइट वापरणं किती सोपं आहे? खरेदीदाराला अगदी सोपं. विक्रेत्याला थोडं अवघड, कारण प्रत एकच असते. एका साइटवर गेली की दुसरीवरून लगेच काढावी लागते, नाहीतर विकलेली वस्तू पुन्हा विकली जाते. आणि त्याने जमवलेले अभिप्राय दुसरीकडे नेता येत नाहीत. हस्तकलेच्या वस्तूंची ऑनलाइन बाजारपेठ असलेल्या एट्सीने २०२२ मध्ये विक्रेत्यांकडचं कमिशन ५ वरून ६.५ टक्के केलं. एप्रिलमध्ये बऱ्याच विक्रेत्यांनी निषेध म्हणून दुकानं आठवडाभर बंद ठेवली, तरी दर मागे घेतला गेला नाही. खरेदीदार आणि अभिप्राय जिथे आहेत तिथून उठणं विक्रेत्याला किती जड जातं, ते यात दिसतं. अर्थात, एक-दोन लेन्स विकून जाणाऱ्या माणसाला अभिप्रायांची काही पडलेली नसते. म्हणून तुमच्या केसमध्ये एकूण विक्रीतला किती भाग वारंवार विकणाऱ्यांचा आहे, ते शोधा.

दुसरा प्रश्न गळतीचा. तीच जोडी पुन्हा पुन्हा व्यवहार करणार असेल, जसं शिकवणी किंवा घरकामात होतं, तर पहिल्या भेटीनंतर प्लॅटफॉर्मची गरज संपते. लेन्समध्ये तीच जोडी क्वचित भेटते, त्यामुळे गळती कमी असायला हवी. पण 'असायला हवी' यावर थांबू नका. लेन्सवर संदेशांची देवाणघेवाण झाली, सौदा नोंदला गेला नाही, आणि दोन-तीन दिवसांत विक्रेत्याने लेन्स काढून टाकली, अशा घटना मोजा. सगळ्याच गळतीच्या नसतील, काहींनी विचार बदलला असेल. तरी महाग लेन्समध्ये हे प्रमाण स्वस्त लेन्सपेक्षा बरंच जास्त दिसलं, तर कमिशन वाचवायला लोक बाहेर जात आहेत. अशा वेळी महाग लेन्सवर कमिशनला कमाल मर्यादा घालणं, हे सरसकट दर घटवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

लिहिताना क्रम आणि शिफारस

कप्प्याची व्याख्या आणि सारणी उत्तराच्या सुरुवातीलाच द्या, बाणांची आकृती तिच्या लगेच नंतर. रोशे आणि तिरोल यांची कसोटी एका परिच्छेदात आटपा. सिद्धान्ताचा इतिहास सांगण्यात पानं घालवू नका. सगळ्यात जास्त जागा किमान संख्येच्या हिशोबाला आणि शुल्काच्या रचनेला हवी.

शिफारस कप्पेवार द्या आणि प्रत्येकीसोबत तिला खोटं ठरवणारा आकडाही लिहा. आपल्या केसमध्ये ती अशी होईल: ब मध्ये पुढचे तीन महिने संग्राहकांना थेट गाठून नव्या लेन्स महिन्याला १०० वरून २०० वर न्याव्यात. विक्रेत्याचा दर ९० वरून काहीसा उतरेल, ते चालेल. खरेदीदाराचा दर ६ वरून १० च्या आसपास गेला पाहिजे. लेन्स दुप्पट होऊनही तो ६ वरच अडकला, तर टंचाई संख्येची नव्हती. भाव, विश्वास किंवा नेमक्या फोकल लेंथची होती, आणि पैसा तिकडे वळवावा. क मध्ये नवे विक्रेते आणण्यावर काहीही खर्च करू नये. तिथे सहा महिन्यांत शोध दुप्पट झाले नाहीत, तर त्या माउंटसाठी वेगळी बाजारपेठ चालवण्याइतकी मागणी नाही असं मानून तो कप्पा आहे तसा सोडावा.